तीन इंच म्हणजे 76.2: टेकलेल्या पट्ट्या आणि एका रेषेतली भोकं

एका फर्निचरच्या कारखान्यासाठी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. भिंतीच्या पॅनेलचा आणि जिन्याखालच्या कपाटांचा आराखडा कापणीला जाण्याआधी तपासायचा, एवढंच त्याचं काम. दोन गोष्टी बघायच्या होत्या. प्लायवर बसवायच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत ना, आणि ड्रिलची भोकं जिथे एका ओळीत हवीत तिथे ती खरोखर एका रेषेत आहेत ना. दोन्ही प्रश्न शाळेतल्या भूमितीचे. दोन्हींची सूत्रं मी बरोबर लिहिली होती आणि तरीही दोन्हींची उत्तरं चुकली. मुळाशी गेल्यावर दोन्ही चुका एकाच आकड्यापाशी येऊन थांबल्या: ७६.२ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच.

पहिला फोन मिस्त्रीकाकांचा होता. "सर, तुमचा प्रोग्रॅम म्हणतोय पहिली पट्टी दुसरीवर चढलीय. मी इथे प्लायवर मांडून बघितल्या. नख जाणार नाही इतक्या सरळ टेकल्यात."

आराखडा साधा होता. चार फुटी प्लायवर तीन इंच रुंदीच्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी, मध्ये फट न ठेवता. पट्टीची रुंदी विक्रेत्याच्या यादीतून मिलिमीटरमध्ये येत होती: ७६.२. पट्टी कुठून सुरू होते हे काका इंचांत लिहीत: ०, ३, ६, ९. माझा प्रोग्रॅम इंचाला २५.४ ने गुणून मिलिमीटर करायचा. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, त्यामुळे या रूपांतरात चूक असू शकते हे माझ्या मनातही आलं नाही. तपासणी अशी होती:

```python
def overlap(a, b):
    return (a.x < b.x + b.w and b.x < a.x + a.w and
            a.y < b.y + b.h and b.y < a.y + a.h)
```

दोन आयत एकमेकांवर येण्याची ही नेहमीची अट. आडव्या दिशेने दोघांचे पट्टे एकमेकांत शिरले पाहिजेत आणि उभ्या दिशेनेही. `<=` न वापरता `<` मुद्दाम वापरलं होतं, कारण पट्ट्या टेकणं इथे दोष नाही, तेच तर हवं आहे. कडा जुळली की `b.x` आणि `a.x + a.w` समान होतील, अट खोटी ठरेल आणि तक्रार येणार नाही, असा माझा हिशोब होता. सगळा भार "समान" या शब्दावर होता.

पहिल्या तीन सांध्यांवर डावीकडच्या पट्टीची उजवी कड आणि उजवीकडच्या पट्टीची डावी कड छापून पाहिली:

```
1   76.2                  76.19999999999999
2   152.39999999999998    152.39999999999998
3   228.59999999999997    228.6
```

पहिल्या सांध्यावर डावी पट्टी उजवीत शिरलेली. दुसऱ्यावर दोन्ही कडा तंतोतंत जुळलेल्या. तिसऱ्यावर चक्क फट. प्लायवर तिन्ही सांधे एकसारखे, पण प्रोग्रॅमच्या लेखी तिघांची तीन उत्तरं. चूक नेहमी एकाच बाजूला पडत असती तर ती ओळखणं सोपं गेलं असतं. इथे ती कधी या अंगाला, कधी त्या अंगाला होती आणि कधी अजिबात नव्हती. आराखड्याचा एखादा नमुना चालवून "ठीक आहे" म्हणणाऱ्या चाचणीत ही चूक सापडत नाही, ती यामुळेच.

पहिला सांधा जरा जवळून बघू. २५.४ मधला ०.४ म्हणजे २/५. संगणकाचा फ्लोट अपूर्णांक ठेवतो तो छेदात फक्त दोनचे घात असलेल्या रूपात, त्यामुळे छेदात ५ असलेला आकडा त्याला जवळच्या उपलब्ध आकड्यावर ढकलावा लागतो. २५.४ अशा वेळी केसाच्याही कोट्यंश खाली सरकतो. त्याला तीनने गुणलं की ती घसरणही तिप्पट होते. ७६ च्या आसपास उपलब्ध असलेले आकडे एकमेकांपासून 2^-46 एवढ्या अंतरावर असतात, म्हणजे साधारण 1.4e-14. आपला गुणाकार दोन शेजारी आकड्यांच्या अगदी मधोमध पडतो. अशा वेळी ज्याचा शेवटचा बिट शून्य आहे तो आकडा घ्यायचा असा नियम आहे आणि इथे तो खालचा निघतो. उलट, यादीतून "76.2" असा मजकूर थेट वाचला तर तो सगळ्यांत जवळच्या आकड्यावर, म्हणजे वरच्यावर जातो. लांबी एकच, पण दोन वाटांनी आलेली, आणि दोन वाटा शेजारच्या दोन घरांत उतरल्या.

शंका पक्की करायला एक सोपी चाचणी उपयोगी पडली. पूर्ण आराखडा १००० मिलिमीटर उजवीकडे सरकवला. पट्ट्या एकमेकींवर चढल्या आहेत की नाहीत, याचं उत्तर सरकवल्याने बदलायला नको. पण पहिल्या सांध्याची तक्रार गायब झाली. १०७६ च्या आसपास उपलब्ध आकडे सोळापट विरळ आहेत, त्यामुळे दोन्ही कडा एकाच घरात जाऊन बसल्या. सरकवणं, आरशासारखं उलटवणं, उभं-आडवं बदलणं यातल्या कशानेही भूमितीचं उत्तर बदलत असेल, तर खोट सूत्रात नसून तुलनेत आहे असं मी आता धरून चालतो.

मी सर्वांत आधी जो उपाय केला तो बहुतेक जण करतात. एक छोटी सूट ठरवली, `EPS = 1e-9`, आणि `b.x < a.x + a.w - EPS` असं लिहिलं. तक्रारी थांबल्या. लांबींची तुलना असताना हे बऱ्यापैकी चालतं, कारण अडीच मीटरच्या आतल्या लांबींतली चूक 1e-12 च्या आसपास असते आणि 1e-9 मिलिमीटर म्हणजे सुताराच्या दृष्टीने काहीच नाही. मला समाधान झालं आणि तीच `EPS` मी भोकांच्या तपासणीतही वापरली. तिथून खरी अडचण सुरू झाली.

जिन्याखालच्या कपाटाच्या बाजूच्या फळीला वरची कड तिरपी असते. त्या कडेला समांतर भोकांची एक ओळ हवी होती. आडवं अंतर ३२ मिलिमीटरच्या पटीत, कारण कपाटांच्या भोकांचा तो रूढ टप्पा आहे, आणि दर टप्प्याला उंची एक इंच वाढते. म्हणजे भोकं (०, ०), (३२, २५.४), (६४, ५०.८), (९६, ७६.२). एका रेषेतली भोकं ओळखून त्यांचा गट करायचा, म्हणजे मशीनला एकाच फेरीत ती पाडता येतील. मी पहिल्या भोकापासून बाकी प्रत्येकाचा चढ काढत होतो, `dy / dx`, आणि चढ ही किल्ली धरून डिक्शनरीत टाकत होतो. पहिल्या दोन भोकांचा चढ आला `0.79375`. (९६, ७६.२) चा आला `0.7937500000000001`. डिक्शनरीसाठी हे दोन वेगळे आकडे, म्हणून दोन वेगळ्या रेषा. चौथं भोक गटाबाहेर पडलं.

चढ वापरण्यात आणखी एक खोड आहे. रेषा उभी असली की भागाकारात शून्य येतं आणि त्यासाठी वेगळी वाट काढावी लागते. म्हणून चढ सोडून क्रॉस प्रॉडक्टवर आलो. तीन बिंदू एका रेषेत असतील तर त्यांनी बनणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ शून्य, आणि `dx1*dy2 - dx2*dy1` ही राशी त्या क्षेत्रफळाच्या दुप्पट असते. भागाकार नाही, उभ्या रेषेची भानगड नाही. पण फ्लोटमध्ये `32*76.2 - 96*25.4` हे शून्य येत नाही, `4.547473508864641e-13` येतं. पुन्हा तोच ७६.२.

इथे कुणी `math.isclose(cross, 0)` लिहिलं तर तेही फसतं. त्या फंक्शनची मूळ सूट दोन आकड्यांपैकी मोठ्याच्या प्रमाणात असते आणि शून्याशी तुलना करताना प्रमाणाला काही अर्थच राहत नाही. `abs_tol` वेगळं दिलं नाही तर फक्त नेमकं शून्यच शून्याजवळ ठरतं.

मी `abs(cross) < EPS` लिहिलं आणि छोट्या फळ्यांवर ते चाललं. आठ फुटी शीटवर, म्हणजे २४४० बाय १२२० वर, एकेक गुणाकार तीस लाखांच्या घरात जातो. तिथे उपलब्ध आकडेच एकमेकांपासून 4.7e-10 अंतरावर असतात. दोन गुणाकार, दोघांची आपापली चूक, शिवाय मुळातल्या लांबींची चूक गुणाकारात वाढलेली. 1e-9 ची सूट तिथे पुरत नाही. सूट वाढवत वाढवत मी ०.५ पर्यंत गेलो आणि सगळ्या फळ्या पास झाल्या. काही दिवसांनी काकांनी एक नक्षीदार जाळीचं काम पाठवलं, एकेक मिलिमीटरवर बिंदू. त्यात (०, ०), (१, ०) आणि (२, ०.४) हे तीन बिंदू प्रोग्रॅमने एका रेषेत टाकले आणि जाळीतला बारीक बाक सरळ करून टाकला.

तेव्हा पहिल्यांदा मी ०.५ या आकड्याचं एकक काय आहे हा प्रश्न स्वतःला विचारला. क्रॉस प्रॉडक्ट हे क्षेत्रफळ, म्हणून ते चौरस मिलिमीटरमध्ये. कडांच्या तुलनेत `EPS` मिलिमीटरमध्ये होती. नाव एक, पण त्या दोन वेगळ्या जातीच्या राशी होत्या. क्षेत्रफळाच्या सुटीचा लांबीतला अर्थ हा दोन टोकांमधल्या अंतरावर अवलंबून असतो. जाळीतल्या त्या तीन बिंदूंचं क्रॉस प्रॉडक्ट ०.४, टोकांतलं अंतर २.०४ मिलिमीटर, म्हणजे मधला बिंदू रेषेपासून जवळपास ०.२ मिलिमीटर बाजूला. जाळीत हे डोळ्यांना दिसतं. तेच ०.४ जर २४०० मिलिमीटर लांबीच्या ओळीवर आलं, तर मधला बिंदू सरकलेला असतो ०.०००२ मिलिमीटरहूनही कमी. एकाच आकड्याखाली एकीकडे मी डोळ्यांना दिसणारी चूक मान्य करत होतो आणि दुसरीकडे कारखान्यातल्या कुठल्याही मशीनला साधणार नाही इतकी अचूकता मागत होतो.

आणखी एक गोष्ट याच वेळी लक्षात आली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. मी दोन वेगळ्या चुका एकाच सुटीने झाकत होतो. एक चूक हिशोबाची: ३ गुणिले २५.४ हे ७६.२ यायलाच हवं, ते येत नाही हा आकडे साठवण्याच्या पद्धतीचा दोष. दुसरी चूक मापाची: नकाशात, ड्रिलमध्ये, लाकडात जी असते ती. पहिली पूर्णपणे काढून टाकता येते. दुसरी काढता येत नाही, ती किती चालेल हे कारखान्यालाच विचारावं लागतं.

हिशोबाची चूक काढण्यासाठी सगळी मापं पूर्णांकात आणली. एकक निवडताना काकांची पद्धत विचारात घेतली. ते फूट, इंच आणि सूत वापरतात. आठ सुतांचा एक इंच, आणि बारीक काम असेल तर अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. अर्धं सूत म्हणजे १.५८७५ मिलिमीटर. दशांशानंतर चार आकडे, म्हणून एकक घेतलं मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. या एककात अर्धं सूत नेमकं १५८७५ होतं आणि मिलिमीटरमधली यादीही पूर्णांकात बसते.

```python
from decimal import Decimal

def from_mm(text):
    u = Decimal(text) * 10000
    if u != int(u):
        raise ValueError(text)
    return int(u)

def from_half_soot(n):
    return n * 15875
```

`from_mm("76.2")` देतं 762000. तीन इंच म्हणजे अठ्ठेचाळीस अर्धी सुतं, `from_half_soot(48)` देतं 762000. दोन्ही वाटा आता एकाच घरात येतात. इथे एक काळजी घ्यावी लागते: `Decimal` ला मजकूर द्यायचा, फ्लोट नाही. `Decimal(76.2)` लिहिलं तर फ्लोटमधली चूक सगळ्या अंकांसकट आत येते. वरच्या कोडमध्ये अशा वेळी `ValueError` येईल आणि ते चांगलंच आहे. मी आधी तिथे `round` लावलं होतं, ते काढलं. चारपेक्षा जास्त दशांश असलेलं माप आलं तर ते गुपचूप कापण्यापेक्षा थांबून विचारलेलं बरं, कारण असं माप बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी फ्लोटच्या हिशोबातून आलेलं असतं.

आयतही आता डावी कड आणि रुंदी असा न ठेवता दोन्ही कडांनी ठेवतो, `x1, x2, y1, y2`. अट तीच राहिली, `a.x1 < b.x2 and b.x1 < a.x2`, आणि उभ्या दिशेला तसंच. पूर्णांक असल्याने टेकलेल्या कडा खरोखर समान येतात आणि `<` चा अर्थ मला हवा तोच राहतो. प्लाय कापायची असती तर पात्याची जाडी मध्ये धरावी लागली असती. तिथे `b.x1` ची तुलना `a.x2 + k` शी होते, `k` म्हणजे पात्याची जाडी त्याच एककात, आणि दोन्ही अक्षांना तो नियम लावावा लागतो. सूट आणि पात्याची जाडी या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळायच्या नाहीत, हे मात्र सांभाळायचं.

या अटीत एक कोपरा राहतो. शून्य रुंदीचा "आयत", म्हणजे x1 आणि x2 दोन्ही ५, हा ० ते १० च्या आयतात असेल तर ५ < १० आणि ० < ५ दोन्ही खरं, आणि अट म्हणते चढलाय, जरी सामाईक क्षेत्रफळ शून्य असलं तरी. आमच्याकडे एका ओळीत रुंदीचा रकाना रिकामा राहून शून्य झाला होता, त्यामुळे हे समोर आलं. अशी पट्टी आता वाचतानाच नाकारतो. x1 हा x2 पेक्षा मोठा आला तरी तेच.

रेषेसाठी चढाऐवजी दिशा वापरली, सोप्या रूपात आणलेली.

```python
from math import gcd

def direction(dx, dy):
    g = gcd(dx, dy)
    if g == 0:
        return None
    dx, dy = dx // g, dy // g
    if dx < 0 or (dx == 0 and dy < 0):
        dx, dy = -dx, -dy
    return dx, dy
```

(३२, २५.४) आपल्या एककात (320000, 254000). मसावि २०००, म्हणून दिशा (160, 127). (९६, ७६.२) म्हणजे (960000, 762000), मसावि ६०००, दिशा पुन्हा (160, 127). चारही भोकं एका गटात आली. चिन्हाची ओळ विसरली तर मूळ भोकाच्या दोन बाजूंची भोकं वेगवेगळ्या गटांत जातात, कारण (160, 127) आणि (-160, -127) ही एकच रेषा असली तरी किल्ली वेगळी. आणि दोन भोकं एकाच जागी असली तर मसावि शून्य येतो, ते `None` ने वेगळं काढलं आहे. एकाच जागी दोन भोकं हा आराखड्यातला दोष असतो, तो काकांना दाखवायचा.

पूर्णांक झाल्यावर चढाचा भागाकार चालला नसता का, हे मी मुद्दाम तपासलं. दोन अपूर्णांक खरोखर समान असतील तर पूर्णांकांच्या भागाकाराचं फ्लोट उत्तरही समान येतं, कारण एकाच खऱ्या किमतीचं एकच जवळचं घर असतं. म्हणजे एका रेषेतले बिंदू त्यात कधी तुटत नाहीत. धोका उलटा असतो: वेगळे चढ एकाच घरात जाणं. त्याचं एक सुंदर उदाहरण आहे: (0, 0), (94911151, 94911150), (94911152, 94911151). हे तीन बिंदू एका रेषेत नाहीत, क्रॉस प्रॉडक्ट १ येतं. एकच्या जरा खाली फ्लोटचे आकडे 2^-53 च्या टप्प्याने असतात. एकापासून खाली मोजलं तर पहिला चढ ९४९०१३८०.४९९९७ टप्प्यांवर पडतो आणि दुसरा ९४९०१३७९.५०००७ टप्प्यांवर. दोन्ही ९४९०१३८० या एकाच घरात जातात आणि `==` म्हणतं समान. निर्देशांकांमधले फरक 2^26 च्या आत, म्हणजे सुमारे ६ कोटी ७१ लाखांच्या आत असतील तर असं होऊ शकत नाही. आमची शीट २ कोटी ४४ लाख एकक लांब आहे, म्हणून भागाकारही चालला असता. तरी मी मसावि ठेवला, कारण उद्या एकक बारीक केलं किंवा भिंतच मोठी आली तर ही मर्यादा कुणाच्या लक्षात राहणार नाही.

पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा होतो. हेच कोणी सी++ मध्ये साध्या `int` मध्ये लिहिलं तर २४४००००० गुणिले १२२००००० हा गुणाकार ३२ बिटांत मावत नाही आणि उत्तर निरर्थक येतं. तिथे `long long` हवं. ते साधारण 9.2e18 पर्यंत जातं आणि आपला गुणाकार 6e14 च्या आत आहे.

आता मापाची चूक. तिसऱ्या कपाटात मीटरभर अंतराचे तीन समान भाग होते. नकाशा दोन दशांशांपर्यंत छापलेला: (०, ०), (३३३.३३, २५०), (६६६.६७, ५००). नवा प्रोग्रॅम म्हणाला, एका रेषेत नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर होतं. क्रॉस प्रॉडक्ट २.५ चौरस मिलिमीटर येतं, कारण ३३३.३३ ची दुप्पट ६६६.६६ आहे, ६६६.६७ नाही. टोकांतलं अंतर ८३३.३४, म्हणून मधलं भोक रेषेपासून ०.००३ मिलिमीटर बाजूला. जुन्या ०.५ च्या सुटीनेही हे नाकारलं असतं, आणि तीच सूट जाळीतला ०.२ मिलिमीटरचा बाक पास करत होती.

मी काकांना विचारलं, "काका, ओळीतलं एखादं भोक बाजूला गेलं तर किती चालतं?"

"केसभर चालेल," ते म्हणाले. "त्याहून जास्त गेलं तर पिन तिरपी बसते आणि फळी डुलते."

केसाची जाडी आम्ही ०.१ मिलिमीटर धरली, आपल्या एककात १०००. बिंदूचं रेषेपासूनचं अंतर म्हणजे क्रॉस प्रॉडक्टची किंमत भागिले टोकांतलं अंतर. भागाकार आणि वर्गमूळ टाळण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग केला:

```python
def near_line(p, a, b, tol=1000):
    dx, dy = b[0] - a[0], b[1] - a[1]
    c = dx * (p[1] - a[1]) - dy * (p[0] - a[0])
    return c * c <= tol * tol * (dx * dx + dy * dy)
```

ही सूट आता खऱ्या लांबीत आहे. फळी लहान असो वा मोठी, "केसभर" चा अर्थ तोच राहतो. सगळे आकडे पूर्णांक असल्याने तुलना नेमकी होते. इथे मात्र वर्ग 1e29 पर्यंत जातात, म्हणून पायथनबाहेर हे लिहिताना ६४ बिटही पुरत नाहीत.

हे फंक्शन वापरताना `a` आणि `b` कोणते घ्यायचे याला फार महत्त्व आहे. मी आधी ओळीतली पहिली दोन भोकं घेतली होती, ३२ मिलिमीटरवरची. त्यातल्या एकाच्या मापात ०.०१ ची चूक असली तर २४०० मिलिमीटरवर ती पंचाहत्तरपट होते, पाऊण मिलिमीटर. मग ओळीतलं शेवटचं, अगदी बरोबर असलेलं भोक दोषी ठरतं. गटातली सगळ्यांत लांबची दोन भोकं आधार म्हणून घेतली की मधल्यांची चूक वाढत नाही. शेजाऱ्याशी शेजारी ताडून पुढे जाणंही असंच फसवतं. तीन-तीन भोकं पाहिली तर प्रत्येक वेळी मधलं केसाच्या आतच सरकलेलं दिसतं, पण सरकणं नेहमी एकाच बाजूला असेल तर पूर्ण ओळ हळूहळू वळत जाते आणि तपासणीला ते कळत नाही. म्हणून आता आधी गट सुचवतो आणि मग पूर्ण गट त्याच्या दोन टोकांशी एकदम तपासतो. जाळीचे ते तीन बिंदू या तपासणीत वेगळे पडतात, ३३३.३३ ची ओळ पास होते.

एक काम यात पूर्ण बसलं नाही. जिन्याखालच्या फळीवर तिरप्या कडेला समांतर पट्ट्या लावायच्या होत्या. दिशा (160, 127), तिची लांबी √41729, आणि हे वर्गमूळ पूर्ण निघत नाही. त्यामुळे तीन इंच रुंदीच्या तिरप्या पट्टीचे कोपरे कुठल्याही पूर्णांक एककात नेमके लिहिता येत नाहीत. तिथे प्रत्येक कोपरा एकदाच, शेवटी, जवळच्या एककावर आणतो आणि शेजारच्या पट्टीलाही तेच कोपरे देतो, पुन्हा वेगळे मोजत नाही. मग पट्ट्यांच्या दोन दिशांवर, (160, 127) आणि (-127, 160) वर, कोपऱ्यांचे पूर्णांक गुणाकार काढून त्यांचे पट्टे एकमेकांत शिरतात का ते बघतो. दिशा एकक लांबीची न करताच वापरली तर वर्गमूळ लागत नाही. कोपरे गोल केल्यामुळे एखाद-दुसऱ्या एककाचं शिरणं दिसू शकतं, म्हणून या पट्ट्यांपुरती ०.००१ मिलिमीटरची, म्हणजे दहा एककांची मुभा ठेवली आहे. गुणाकार दिशेच्या लांबीपटीत असल्याने ती मुभाही तेवढ्याच पटीत लावावी लागते: दहा गुणिले साधारण २०४.३, म्हणजे 2043. हा आकडा कोडमध्ये कुठून आला हे त्याच्या शेजारी लिहून ठेवलं आहे, कारण एकक न लिहिलेला ०.५ शोधायला मला तीन आठवडे लागले होते.